प्रोबेशन संपत आलंय, आणि साहेब काहीच बोलत नाहीत

ताई, मी २५ वर्षांची, एमकॉम, गाव संगमनेरकडचं. २ जूनला भोसरीतल्या एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह म्हणून लागले, वेंडरची बिलं बुक करते आणि जीएसटीचं रिको बघते. सहा महिने प्रोबेशन आहे. साडेचार महिने झाले, सर एकदाही म्हणाले नाहीत की काम बरं आहे का वाईट. विचारलं तर "चालू आहे की, बघू". माझ्या आधी एका मुलाला तीन महिने एक्सटेंड केलं आणि मग काढलं म्हणे. सर एचआरला घेऊन केबिनमध्ये बसले की माझ्या पोटात गोळा येतो. रविवार संध्याकाळपासून धडधड, पहाटे चारला जाग येते. पप्पांनी सगळ्यांना सांगून टाकलंय की पोरगी पर्मनंट होणार. मी काय करू?

अगं, आज रात्री एकच काम कर. तुझं अपॉइंटमेंट लेटर काढ, ऑफर लेटर नव्हे, जॉइनिंगनंतर सही करून घेतलेलं चारपाच पानी असतं ते, आणि त्यातला प्रोबेशनचा परिच्छेद सावकाश वाच. बहुतेक जण हे पत्र पगाराचा आकडा बघून फाईलला लावतात ते परत उघडतच नाहीत, आणि मग पुढचे सहा महिने ऑफिसातल्या ऐकीव गोष्टींवर घाबरत बसतात. तुला त्यात बघायचंय की कंपनी प्रोबेशन वाढवू शकते का आणि जास्तीत जास्त किती, कन्फर्मेशन लेखी मिळाल्यावरच धरायचं असं लिहिलंय का, आणि प्रोबेशनमध्ये नोटीस किती दिवसांची आहे.

यातलं मधलं वाक्य बऱ्याच पत्रांत असतं, की लेखी कळवल्याशिवाय कन्फर्म झालात असं समजू नये. म्हणजे १ डिसेंबर उलटून गेला आणि कोणी काही बोललं नाही तर तू आपोआप पर्मनंट होत नाहीस, पण नोकरी गेली असंही होत नाही, तू प्रोबेशनवरच पुढे चालू राहतेस. हे आधीच माहीत असलं की २ डिसेंबरला मेल आला नाही म्हणून रडत बसायची वेळ येत नाही. आणि असा उशीर होतो बरं का, सर्रास होतो.

कारण आतमध्ये काय चालतं ते सांगते, मी बरीच वर्षं हे फॉर्म भरलेत आणि भरून घेतलेत. तारखेच्या साधारण महिनाभर आधी एचआरकडून तुझ्या सरांना एक फॉर्म जातो, कुठे सॉफ्टवेअरमधून आपोआप, कुठे एक्सेलची शीट मेलवर. त्यात कामाचा दर्जा, वेग, हजेरी, शिस्त, टीमशी वागणं असे रकाने, प्रत्येकाला एक ते पाच मार्क, आणि शेवटी तीन पर्याय, कन्फर्म करा, वाढवा, थांबवा. सर तो भरतात, वरचे साहेब सही करतात, एचआर पत्र काढतं. या साखळीत सगळ्यात जास्त काळ फॉर्म पडून राहतो तो मॅनेजरच्या इनबॉक्समध्ये, आणि तो पडून राहण्याचं कारण शंभरातल्या बहुतेक वेळा एवढंच असतं की त्या माणसाला वेळ झालेला नसतो. तुझ्याबद्दल आज निर्णय झालेला असेल असं तुला वाटतंय ना, ऑक्टोबरच्या मध्याला बहुधा फॉर्मसुद्धा आलेला नसतो. सर एचआरला घेऊन केबिनमध्ये बसतात ते दिवाळीच्या बोनसपासून कोणाच्या रजेपर्यंत कशासाठीही असू शकतं.

आता सरांच्या गप्प बसण्याकडे येऊ, कारण तुझं सगळं दुखणं तिथेच आहे. तू अकाउंट्सवाली आहेस, कॅलेंडर तूच बघ. तू जूनमध्ये लागलीस. त्यानंतर स्टॅट्युटरी ऑडिट, मग ३० सप्टेंबरपर्यंत एजीएम, टॅक्स ऑडिटची तारीखही एरवी तीच, त्यात मुदतवाढ मिळेल का नाही याची टांगती तलवार, आणि त्याच्या मागोमाग ३१ ऑक्टोबरला टीडीएसचं तिमाही रिटर्न. तुझे प्रोबेशनचे जवळजवळ सगळे महिने अकाउंट्स डिपार्टमेंटच्या सगळ्यात वाईट काळात गेलेत. ऑडिटर समोर बसलेला असताना कुठला मॅनेजर नवीन मुलीला बोलावून "तुझं काम छान चाललंय हं" म्हणेल? त्यांनी म्हणायला हवं होतं, हे मी शंभर टक्के मानते, आणि जो साहेब सहा महिन्यांत दहा मिनिटं काढत नाही तो आपलं काम अर्धवट करतोय. पण आपल्याकडे अकाउंट्समधले बरेचसे साहेब व्हाउचर बघत बघत मोठे झालेत, त्यांना चूक दिसली की बोलायचं आणि दिसली नाही की पुढचा कागद घ्यायचा एवढंच येतं, कौतुक कसं करायचं ते त्यांना कोणी दाखवलेलंच नसतं.

म्हणून त्यांच्या बोलण्यापेक्षा ते तुला काम काय देतात ते बघ. सुरुवातीला तुझी प्रत्येक एंट्री सीनियर चेक करत असेल, आता तू थेट पोस्ट करतेस का? डिसेंबरच्या नंतरचं काम तुझ्या नावावर टाकलंय का, म्हणजे मार्च क्लोजिंगची तयारी, एखादा नवा वेंडर ग्रुप, जानेवारीतलं स्टॉक ऑडिट? वेंडर पेमेंट कधी म्हणून फोन करतो तेव्हा सर "तिला विचारा" म्हणतात का? असं असेल तर ते माणूस ठेवायच्या तयारीत आहेत. उलट हातातलं काम काढून दुसऱ्याकडे जातंय, तोंडी सांगायच्या बारीक चुका एकदम मेलवर यायला लागल्यात आणि मेलला एचआर सीसीत आहे, किंवा तुझं काम अमक्याला समजावून ठेव असं काही कारण नसताना सांगितलंय, तर मात्र काळजी करायला जागा आहे. तुझ्या पत्रात मला यातलं एकही दिसलं नाही, म्हणून हे तूच शांतपणे तपास.

आणि तो एक्सटेंड झालेला मुलगा. त्याचं नक्की काय झालं, तुला माहीत आहे का? "म्हणे" लिहिलंयस तू. दांड्या होत्या, काम जमत नव्हतं, का वरून माणसं कमी करायचा आदेश आला होता, यातलं काही माहीत नसताना त्याची गोष्ट स्वतःला लावून घेऊ नकोस.

आता करायचं काय. सरांशी बोलायचंच आहे, पण त्याआधी घरी बसून एक साधी शीट बनव. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, महिन्याला एक ओळ. किती बिलं बुक केली, त्यातली किती परत आली, का परत आली. आकडे अंदाजे नको, सिस्टिममधून रिपोर्ट काढ, तुझ्या युझर आयडीवर एंट्र्या दिसतातच. परत आलेल्या बिलांचं कारण लिहिताना स्वतःला सोडू नकोस. जीआरएनमधली क्वांटिटी आणि बिलातली क्वांटिटी जुळत नव्हती ही स्टोअरची चूक, पण न जुळता तू बुक केलं असशील तर ती तुझी. लेबर जॉबच्या बिलावर कॉन्ट्रॅक्टरचा टीडीएस लावायचा तिथे प्रोफेशनलचा १० टक्के लावला, तुझी. सप्लायरने रिटर्न उशिरा भरलं म्हणून टू-बी मध्ये बिल दिसत नाही, ही तुझी नाही, पण त्याला फोन करून पाठपुरावा केला का, हा प्रश्न तुला विचारला जाणारच.

समज, अशी शीट बनवल्यावर तुला दिसलं की जुलैमध्ये ४०० बिलांपैकी ३० परत आली होती आणि सप्टेंबरमध्ये ४५० पैकी ९, आणि त्या ९ मधली ६ टीडीएसचीच. (आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत, तुझे वेगळे असतील.) आता बघ किती फरक पडला. "माझं काम वाईट असेल का" या धुक्यातून तू "मला टीडीएसचे दोन प्रकार पक्के करायचेत" इथे आलीस, आणि ते काम दोन संध्याकाळचं आहे. आणि सरांसमोर जाताना तुझ्या हातात काहीतरी आहे. आणि शीट वाईट निघाली, चुका कमी झालेल्याच नाहीत असं दिसलं, तर तेही आत्ताच कळलेलं बरं, दीड महिना हातात आहे.

विचारायचं कधी, हेही महत्त्वाचं. पहिला आठवडा मंथली क्लोजिंगचा, ७ तारीख टीडीएस भरायची, १४ ला टू-बी येतं, २० ला थ्री-बी. या दिवसांत गेलीस तर "बघू" च मिळणार. २१ ते २५ मध्ये जा, ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवसांत परत टीडीएस रिटर्नची धावपळ असते. आदल्या दिवशी सांग, "सर, उद्या दुपारी चहानंतर पंधरा मिनिटं हवी होती, माझ्या कामाबद्दल विचारायचंय, चालेल का?" जाता जाता डेस्कपाशी विचारू नकोस, चारचौघांत कोणीच खरं बोलत नाही.

आणि "माझं काम कसं चाललंय सर?" हा प्रश्न विचारूच नकोस. त्याला उत्तर "चांगलंय" एवढंच असतं आणि तू घरी जाऊन त्या "चांगलंय" चा सूर कसा होता यावर रात्रभर विचार करशील. अशा प्रश्नाने समोरच्याला तुझ्यावर निकाल द्यावा लागतो आणि साध्या माणसाला तोंडावर निकाल द्यायला अवघड जातं. कागदाबद्दल विचारलं की तो मोकळेपणी बोलतो. शीट पुढे ठेव आणि असं काहीतरी विचार: "सर, सप्टेंबरच्या क्लोजिंगमध्ये माझ्या कामातलं तुम्हाला परत काय काय बघावं लागलं?" मग थांब, शांतता झाली तरी मध्ये बोलू नकोस, ते आठवत असतात. मग दुसरा: "एक डिसेंबरला माझं प्रोबेशन संपतंय, तो फॉर्म तुम्ही आजच भरायला बसलात तर कुठल्या रकान्यात मार्क कमी द्याल?" हा प्रश्न ऐकायला धीट वाटतो पण मी बघितलंय की याने भलेभले बोलते होतात, कारण यात "नाही, सगळं ठीक आहे" म्हणून सुटता येत नाही, एक तरी रकाना डोळ्यांपुढे येतोच. ते म्हणतील, "काम ठीक आहे गं, पण तू काही अडलं की दोन दिवस घेऊन बसतेस, विचारत नाहीस." किंवा म्हणतील सप्लायरशी फोनवर जरा ठामपणे बोल. हेच तर तुला हवं होतं.

ऐकताना स्पष्टीकरण देऊ नकोस, अगदी चुकीचं बोलले तरी. लिहून घे. "स्टोअरवालेच उशिरा देतात" हे खरं असलं तरी त्या पंधरा मिनिटांत ते निमित्तासारखं ऐकू येतं, नंतर दोन दिवसांनी जीआरएनच्या तारखांसकट दाखव.

त्याच संध्याकाळी त्यांना छोटा मेल टाक. तुमच्याकडे इंग्रजीत चालत असेल तर इंग्रजीत, मजकूर एवढाच: "सर, आज वेळ दिल्याबद्दल आभार. तुम्ही सांगितल्याप्रमाणे टीडीएसच्या एंट्र्या पोस्ट करण्याआधी मी यादीवरून तपासेन आणि अडलेली बिलं दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्यासमोर ठेवेन. १५ नोव्हेंबरच्या आसपास परत दहा मिनिटं मिळाली तर यात फरक पडलाय का ते विचारेन." बास. यात एचआरला सीसी करू नकोस, सरांना वाटेल तू पुरावे गोळा करतेस. पण तारखेसकट मेल राहिला, हे चांगलंच. आणि दिवाळीच्या गडबडीत ते विसरले तरी पंधरा नोव्हेंबरला परत जायला तुला निमित्त आहे, लाजायचं कारण नाही.

कायद्याचंही थोडं ऐक. १९८९ मध्ये डॉ. सुमती शेरे यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट म्हटलंय की माणसाला त्याच्या कामातल्या उणिवा वेळेवर सांगायला हव्यात, काहीच न सांगता एक दिवस अयोग्य म्हणून काढणं ही मनमानी आहे. पण ते प्रकरण सरकारी नोकरीतलं होतं, खासगी कंपनीला ते जसंच्या तसं लावून भांडता येत नाही, तिथे तुझं अपॉइंटमेंट लेटर आणि कंपनीला लागू असलेले कामगार कायदे बघावे लागतात. मी हे सांगतेय ते एवढ्यासाठी की फीडबॅक मागणं म्हणजे आगाऊपणा असं तुझ्या मनात असेल तर ते काढून टाक, मोठ्या कोर्टालाही ती साधी न्यायाची गोष्ट वाटली.

समजा एक्सटेंड केलं. लोक इथे खचतात आणि काहीच न विचारता परत येऊन बसतात, तसं करू नकोस. कुठल्या तारखेपर्यंत, कोणत्या दोन गोष्टी सुधारलेल्या हव्यात, आणि मध्ये बघणार कोण, एवढं पत्रात किंवा मेलवर मागून घे. कारण न देता नुसतं "तीन महिने वाढवलंय" असं हातात दिलं तर मात्र त्याच आठवड्यात दुसरीकडे सीव्ही पाठवायला लाग, नोकरी न सोडता.

आणि अगदीच नाही म्हणाले तर. एचआर कदाचित म्हणेल, "तूच राजीनामा दे, रेकॉर्डला बरं दिसतं." यात कधीकधी तथ्य असतं, पण त्याच खुर्चीत बसून सही करू नकोस. "उद्या सांगते" म्हण, घरी ये, पत्र वाच, आणि नोटीसचे पैसे, शेवटची तारीख, रिलीव्हिंग आणि एक्सपिरियन्स लेटर हे मेलवर आल्याशिवाय राजीनामा टाकू नकोस. पीएफ कापला जात असेल तर तो तुझाच आहे, यूएएन तोच पुढच्या कंपनीत चालतो. पुढच्या इंटरव्ह्यूत "सहा महिन्यांत का सोडलं" विचारतील, तिथे तुझी ती शीट परत कामाला येईल, महिन्याला शेकडो बिलं आणि टू-बी चं रिको स्वतः करणारी मुलगी पिंपरी-चिंचवड, चाकणच्या पट्ट्यात फार दिवस घरी बसत नाही. तरी पगारातून दोन महिन्यांचं खोलीभाडं आणि मेसचे पैसे बाजूला पडतात का ते बघ, ते असले की सरांसमोर बसताना आवाज कापत नाही.

पप्पांशी या रविवारी फोनवर बोल. त्यांनी अभिमानाने सांगितलंय, त्यांची चूक नाही, पण त्यांना पद्धत माहीत नाही. सांग की "पप्पा, डिसेंबरमध्ये निर्णय होतो, कधीकधी पत्र उशिरा येतं, कधी मुदत वाढवतात, तेव्हा मी सांगेपर्यंत कोणाला काही बोलू नका." हे एक वाक्य बोललीस की तुझ्या डोक्यावरचं निम्मं ओझं जाईल, तुला नोकरीइतकीच गावात काय बोलतील याची भीती आहे, ते पत्रात दिसतंय.

राहिली ती पहाटे चारची जाग. दिवसभर सरांचा चेहरा वाचणं, टीम्सवर ते कोणाशी कॉलवर आहेत ते बघणं, शेजारच्या मुलीला रोज "तुला काय वाटतं, करतील ना?" विचारणं, हे करत असशील तर आधी ते कमी कर. ती "करतील गं" म्हणाली की तासभर बरं वाटतं, मग परत विचारावंसं वाटतं, आणि प्रत्येक वेळी भीती थोडी जास्त पक्की होते. काळजीला दिवसातली एक वेळ दे, संध्याकाळी रूमवर आल्यावर अर्धा तास, वहीत लिही, त्यातलं करण्यासारखं असेल ते उद्याच्या यादीत टाक. चारला जाग आली तर मोबाईल घेऊन ऑफिसचा मेल उघडू नकोस. आणि दोनतीन आठवडे असंच चाललं, जेवण जाईना, कामावर लक्ष लागेना, तर १४४१६ वर फोन कर, टेलिमानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे, रात्रीही चालू असते आणि मराठीत बोलता येतं. वेड लागलंय म्हणून करायचा फोन नव्हे तो, झोप उडालीय एवढं कारण पुरेसं आहे.

१ डिसेंबर गेला आणि पत्र नाही आलं, तर आठवडाभर थांब आणि आधी एचआरला विचार, सरांना नको: "माझं प्रोबेशन १ तारखेला पूर्ण झालं, कन्फर्मेशनची प्रोसेस कुठपर्यंत आली ते कळेल का?" फॉर्म सरांकडे अडकलाय असं उत्तर आलं तर सरांकडे जाऊन सरळ सांग, "सर, एचआर म्हणतंय फॉर्म तुमच्याकडे आहे, आज भरून होईल का?" मला काय उत्तर आलं ते कळव, एक्सटेंडचं पत्र आलं तर त्यातला मजकूरही पाठव, आपण बघू.